तयार हशा आणि घडवलेली आवड: संस्कृती उद्योगाचा युक्तिवाद कसा तपासावा

प्रश्न: अडोर्नो आणि होर्कहायमर म्हणतात की करमणुकीच्या घाऊक उत्पादनामुळे सगळ्यांची आवड एकसारखी होते आणि विचारशक्ती बोथट होते. वाचताना हे पटते, पण मग शंका येते की हा दोन विद्वानांचा लोकप्रिय गोष्टींबद्दलचा तिटकारा तर नाही? चित्रपट आणि टीव्हीची उदाहरणे देऊन कोणी नीट समजावून सांगेल का?

प्रेक्षक मूर्ख असतो, असे हा युक्तिवाद सांगत नाही. लोकप्रिय ते सगळे टाकाऊ, असाही त्याचा दावा नाही. वस्तू कशी बांधलेली आहे आणि त्या बांधणीमुळे प्रेक्षकाच्या वाट्याचे कोणते काम आधीच उरकले जाते, हा त्याचा विषय आहे. मी बरीच वर्षे मालिकांचे संकलन केले आहे आणि आता चित्रपट-आस्वादाचे वर्ग घेतो. या दोन्ही कामांतून माझे असे मत झाले आहे की बांधणीच्या पातळीवर हा युक्तिवाद फार मोठ्या प्रमाणात खरा ठरतो, आणि प्रेक्षकाच्या मनात काय घडते याबद्दल तो जे गृहीत धरतो ते पुष्कळदा सिद्ध होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की तुमची शंकाही बरीचशी सुटते.

थिओडोर अडोर्नो आणि माक्स होर्कहायमर या जर्मन विचारवंतांनी ‘संस्कृती उद्योग’ हे प्रकरण लिहिले ते अमेरिकेतल्या निर्वासित काळात, हॉलिवूडच्या शेजारी राहून. ते प्रथम १९४४ मध्ये मोजक्या लोकांसाठी काढलेल्या चक्रमुद्रित प्रतींतून आणि पुढे १९४७ मध्ये ॲमस्टरडॅमहून ‘डायलेक्टिक ऑफ एन्लाइटनमेंट’ या पुस्तकातून आले. त्यातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा विचार इमॅन्युएल कांटच्या ज्ञानमीमांसेवरून घेतलेला आहे. इंद्रियांकडून येणारी विस्कळीत सामग्री आणि मनातल्या संकल्पना यांची सांगड घालण्याचे काम जाणणारा माणूस स्वतः करतो, असे कांटने मानले होते. अडोर्नो आणि होर्कहायमर म्हणतात की उद्योगाने हे काम ग्राहकाकडून काढून घेतले आहे. वर्गवारी निर्मितीतच झालेली असते, त्यामुळे प्रेक्षकाकडे वर्गवारी करण्याजोगे काही उरत नाही. हे ऐकायला फार अमूर्त वाटते, पण दूरचित्रवाणीने या विचाराला एक यंत्रच बनवून दिले. ते यंत्र नीट पाहिले तर बाकीचा युक्तिवाद आपोआप उलगडतो, म्हणून त्यावरच मी जास्त वेळ घालवणार आहे.

ते यंत्र म्हणजे ध्वनिमुद्रित हशा. अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९५० पासून विनोदी कार्यक्रमांना आधी मुद्रित केलेला हशा जोडला जाऊ लागला. सीबीएस या अमेरिकन वाहिनीत काम केलेल्या चार्ली डग्लस या ध्वनी-अभियंत्याने पुढच्या काही वर्षांत त्यासाठी एक पेटी तयार केली. तिच्या आत चुंबकीय फितीची वेटोळी फिरत असत आणि त्यांवर निरनिराळ्या जातीचे हसणे साठवलेले असे: दबकी खुसखुस, मध्यम हशा, खदखदून हसणे. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून हशाचा प्रकार निवडायचा आणि पायाखालच्या पट्टीने त्याची लांबी सांभाळायची. डग्लस पूर्ण झालेल्या भागासमोर बसून हे वाद्यासारखे वाजवत असे. पुढची कित्येक वर्षे अमेरिकेतल्या विनोदी मालिकांमधले पुष्कळसे हसणे त्याच्या पेटीतून निघाले. वेगवेगळ्या लेखकांच्या आणि वेगवेगळ्या नटांच्या मालिका, पण त्यांना दाद देणारी माणसे तीच.

नाटकातही हशा पिकतो आणि शेजारचा हसला की आपणही हसतो, मग यात वेगळे काय, असा आक्षेप इथे हमखास येतो. फरक असा की नाट्यगृहात हशा पिकलाच नाही असेही होऊ शकते. वाक्य फसले की सभागृह गप्प राहते, आणि ती शांतता ही प्रेक्षकांची टीका असते. ती नटाला तत्क्षणी कळते, लेखकाला दुसऱ्या दिवशी कळते आणि वाक्य बदलले जाते. ध्वनिमुद्रित हशा कधीच चुकत नाही. त्यामुळे त्या दृश्यातून गप्प राहण्याची शक्यता काढून टाकलेली असते, आणि विनोद फसला आहे असे म्हणणारा श्रोता त्या काल्पनिक सभागृहात बसूच शकत नाही. विचारशक्ती बोथट होते या विधानाचा मला पटणारा अर्थ एवढाच आहे: निवाडा करण्याची जी जागा होती ती आधीच भरून टाकलेली आहे. प्रेक्षकाची बुद्धी कमी झाली असे त्यातून निघत नाही. त्याच्या बुद्धीला त्या क्षणी काम दिलेले नाही, इतकेच निघते.

याची पडताळणी कोणालाही करता येते, कारण एका मालिकेच्या बाबतीत इतिहासाने आपल्यासाठी दोन्ही नमुने ठेवलेले आहेत. कोरियन युद्धातल्या एका फिरत्या लष्करी रुग्णालयावरची ‘मॅश’ ही मालिका सीबीएसवर १९७२ ते १९८३ या काळात चालली. लॅरी गेलबार्ट आणि जीन रेनॉल्ड्स या तिच्या निर्मात्यांना हशा नको होता, पण वाहिनीने तो हवाच म्हणून आग्रह धरला. शेवटी तडजोड अशी झाली की शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या दृश्यांना हशा लावायचा नाही, इतरत्र लावायचा. ब्रिटनमध्ये बीबीसीने मात्र ही मालिका हशाविना दाखवली. पुढे निघालेल्या डीव्हीडींवर दोन्ही ध्वनिपट दिलेले आहेत, त्यामुळे एकच दृश्य, तेच नट, तीच वाक्ये आपण हशासह आणि हशाविना लागोपाठ पाहू शकतो.

वर्गात मी हे करून घेतो. तंबूत शल्यविशारद दिवसभराच्या शस्त्रक्रिया उरकून पेला हातात घेऊन बसलेला असतो आणि युद्धाबद्दल एक तिरकस वाक्य टाकतो, अशा जातीचे कोणतेही दृश्य त्यासाठी चालते. हशासह पाहताना ते वाक्य तिथेच बंद होते. हा विनोद होता, तो संपला आणि आता पुढचे वाक्य घ्या, अशी खूण हशा आपल्याला करतो. हशा काढून टाकला की तेच वाक्य हवेत लोंबकळत राहते. हा माणूस थट्टा करतो आहे, की थकला आहे, की त्याला बोलता येत नाही असे काहीतरी तो विनोदाच्या आडून बोलतो आहे, हे आता पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते. समोरच्या नटाचा चेहराही तेव्हाच नीट दिसू लागतो, कारण हशासह पाहताना त्या चेहऱ्याकडे आपण उत्तर शोधण्यासाठी बघत नव्हतो. विद्यार्थ्यांमध्ये मतभेद सुरू होतात ते याच टप्प्यावर. पहिल्या वेळी कोणाचाच वाद नसतो.

संकलक म्हणून मला यात आणखी एक गोष्ट दिसते, जी प्रेक्षकाला सहसा जाणवत नाही. हशा येणार हे धरून चित्रीकरण केले की वाक्यानंतर नट क्षणभर थांबतो आणि संकलनात त्या थांब्याची जागा राखली जाते. म्हणजे हशा वरून चिकटवलेला असला तरी तो आत शिरून दृश्याची लय ठरवतो. मग लेखक त्या लयीसाठी लिहू लागतो: उभारणी, चिमटा, थांबा, पुन्हा उभारणी. दर पानावर हशाच्या जागा किती आहेत ते मोजले जाते. लांब चढत जाणारा, शेवटी कुठेतरी अवघडून टाकणारा विनोद अशा मांडणीत बसत नाही, म्हणून तो लिहिलाच जात नाही. साचेबंदपणा कोणी फर्मान काढून आणत नाही. असा एखादा छोटा तांत्रिक निर्णय पुढच्या सगळ्या निर्णयांना वळण लावत जातो आणि काही वर्षांनी तीच विनोदाची नैसर्गिक घडण वाटू लागते. ‘मॅश’मध्ये शस्त्रक्रियेच्या खोलीपुरती सूट मिळाल्यावर तिथल्या संवादांची जडणघडण वेगळी होत गेली, ती मुख्यतः तिथे थांबे राखावे लागत नव्हते म्हणून.

अडोर्नोने दूरचित्रवाणीबद्दल स्वतः जे तपशिलात लिहिले त्यात हशाच्या आत काय दडलेले असते याचा एक उत्तम नमुना आहे. तो १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात येतो आणि संहितांच्या अभ्यासावर आधारलेला आहे. एका हलक्याफुलक्या मालिकेची नायिका तरुण शिक्षिका आहे. तिला पगार अपुरा आहे, शिवाय तिचा बढाईखोर मुख्याध्यापक तिला सतत दंड करतो, त्यामुळे तिच्याकडे जेवणापुरतेही पैसे नसतात. मग ती ओळखीच्या माणसांकडून युक्त्याप्रयुक्त्यांनी जेवण मिळवण्याची खटपट करते आणि प्रत्येक वेळी तिची फजिती होते. खाण्याचा नुसता उल्लेख झाला तरी तो हशाची जागा ठरतो. मालिका कोणताही उपदेश करत नाही, कमी पगार योग्य आहे असे कुठेच म्हणत नाही. उलट शिक्षिका हुशार आणि हजरजबाबी आहे, मुख्याध्यापकाची टर उडवली जाते आणि आपली सहानुभूती पूर्णपणे तिच्या बाजूला असते. अडोर्नो दाखवतो की नेमकी हीच मांडणी संदेश पोहोचवते: तुमच्याकडे तिच्यासारखी विनोदबुद्धी असेल, तर उपाशी ठेवणाऱ्या पगाराची फार चिंता करण्याचे कारण नाही. अन्याय दिसतो, पण तो हसण्याच्या वर्गात टाकून दिसतो, आणि एकदा तिथे पडला की त्याविषयी काही करण्याजोगे आहे हा विचार मनात येत नाही.

हे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण प्रचारपट आणि करमणूक यांतला फरक त्यातून कळतो. प्रचारपट मत सांगतो, त्यामुळे त्याच्याशी भांडता येते. इथे मत सांगितलेलेच नाही, तर एका परिस्थितीकडे कोणत्या भावनेने पाहायचे याची सवय लावली आहे, आणि सवयीशी भांडायला ती आधी दिसावी लागते. पण याच ठिकाणी अभ्यासाची मर्यादाही नोंदवून ठेवली पाहिजे: अडोर्नोने संहिता वाचल्या, ती मालिका पाहणाऱ्या शिक्षिकांना त्याने विचारले नाही. त्यांतली एखादी हसून झाल्यावर पगारवाढीच्या सभेला गेली असेल की नाही, हे संहितेवरून कळत नाही. या मुद्द्याकडे मी पुन्हा येईन.

तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग आवडीचा आहे. निर्माते नेहमी म्हणतात की लोकांना जे आवडते ते आम्ही देतो, आणि हे ते मनापासून म्हणतात. अडोर्नोचा आक्षेप त्या वाक्यातल्या आवडते या गोष्टीवर आहे. आवड ही मोजणीपूर्वी कुठेतरी स्वतंत्रपणे उभी होती असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती त्याच उद्योगाच्या आधीच्या मालावर वाढलेली असते. तिचे मोजमाप घेऊन पुढचा माल बनवला की एक वर्तुळ पूर्ण होते आणि ते दर फेरीत घट्ट होत जाते. अडोर्नोला हे जवळून पाहायला मिळाले होते. १९३८ मध्ये तो अमेरिकेत आला तो पॉल लाझार्सफेल्डच्या रेडिओ-संशोधन प्रकल्पात काम करण्यासाठी. लाझार्सफेल्ड आणि फ्रँक स्टँटन यांनी श्रोत्यांच्या हातात दोन बटणे देणारे एक यंत्र बनवले होते: आवडले तर एक दाबायचे, नावडले तर दुसरे, आणि कार्यक्रम चालू असताना कागदावर आलेख उमटत जायचा. लाझार्सफेल्डच्या दृष्टीने ही शास्त्रीय पद्धत होती. अडोर्नोला प्रश्न पडला तो असा की अमुक गोष्ट आवडण्याची सवय या माणसाला लागली कशी, हे ते बटण कसे सांगणार? दोघांचे जमले नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

चित्रपटात हे वर्तुळ कसे चालते ते पाहायचे असेल तर दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ची हकीकत पाहावी. संस्कृती उद्योगाच्या प्रकरणात वेल्सचा उल्लेख आहे. त्याने व्यवसायाचे नियम मोडले तरी ते त्याला माफ केले जातात, कारण असे हिशोबी अपवाद व्यवस्थेची ग्राह्यता अधिकच पक्की करतात, असा त्या उल्लेखाचा आशय आहे. वेल्सच्या वाट्याला प्रत्यक्षात आले ते याहून कठोर होते. त्याने तयार केलेली आवृत्ती सुमारे १३१ मिनिटांची होती. १७ मार्च १९४२ रोजी कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे तिचे, काटछाटीसह, पूर्वप्रदर्शन झाले. प्रेक्षक तिथे एक आनंदी संगीतिका पाहायला आलेले होते, आणि ती संपल्यावर त्यांना हा एका घराण्याच्या ऱ्हासाचा संथ आणि उदास चित्रपट दाखवण्यात आला. लोक नको त्या ठिकाणी हसले, काही उठून गेले, आणि अभिप्रायपत्रिकांवर कडक शेरे आले. त्यांतच काही पत्रिका अशाही होत्या की ज्यांत चित्रपटाची मनापासून स्तुती होती, पण निर्णय त्यांच्यावर झाला नाही. वेल्स तेव्हा ब्राझीलमध्ये दुसऱ्या चित्रपटाच्या कामात होता. आरकेओ या निर्मिती कंपनीने कापाकापी करून चित्रपट ८८ मिनिटांवर आणला, शेवट दुसऱ्याकडून नव्याने चित्रित करून घेतला आणि कापलेला भाग पुढे नष्ट केला.

दोन्ही शेवटांची तुलना केली की काय घडले ते कळते. वेल्सच्या शेवटात यूजीन हा आता म्हातारा झालेला गृहस्थ फॅनीला भेटायला एका कळकट खानावळवजा वसतिगृहात जातो. तिने आयुष्यभर त्याच्यावर प्रेम केलेले आहे, त्याला ते कळलेले नाही, आणि त्या खोलीत दोघांमध्ये बोलण्यासारखे फारसे उरलेलेच नाही. प्रदर्शित झालेल्या शेवटात ते दोघे रुग्णालयाच्या मार्गिकेतून शेजारी शेजारी चालत येतात, यूजीन फॅनीच्या भाच्याशी झालेल्या समेटाबद्दल बोलतो, फॅनीच्या चेहऱ्यावर हसू येते आणि संगीत गोड होते. एकंदर कथानक फारसे बदललेले नाही. समेट दोन्हीकडे झालेला आहे. काढून टाकले ते इतकेच की त्या समेटाची किंमत फॅनीने दिली आणि ती कोणाच्या लक्षातही आली नाही, हे पाहणाऱ्याने स्वतः जाणून घ्यायचे होते. तयार हशाने जे काम केले तेच इथे संगीताने आणि फॅनीच्या हसऱ्या चेहऱ्याने केले आहे.

या प्रकरणात खलनायक शोधू नये. युद्धकाळ होता, कंपनीची आर्थिक स्थिती वाईट होती, वेल्सचा आधीचा चित्रपट तोट्यात गेलेला होता, आणि ज्यांनी कात्री चालवली त्यांच्यापैकी रॉबर्ट वाइजसारखा संकलक पुढे मोठा दिग्दर्शक झाला. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या जागी समजण्यासारखा आहे. युक्तिवादाची ताकद मला इथेच वाटते. कोणाचाही वाईट हेतू नसताना, केवळ संगीतिकेवर पोसलेल्या अपेक्षेला मोजपट्टी मानल्यामुळे, एक वेगळा चित्रपट नेहमीच्या चित्रपटाच्या दिशेने ढकलला गेला. पुढच्या पूर्वप्रदर्शनाला येणारा प्रेक्षक हा दुरुस्त शेवट पाहिलेला असणार होता.

वेल्सचे नाव मात्र जाहिरातीत राहिले, हेही विसरू नये. वेगळेपणाचा आभास हा या युक्तिवादाचा आवश्यक भाग आहे, आणि तो निसटला तर सगळे चित्रपट एकसारखे असतात असा बाळबोध दावा हातात उरतो, जो कोणीही खोडून काढील. अडोर्नो म्हणतो की सांगाडा जितका ठरीव, तितकी वरवरच्या वैशिष्ट्यांची गरज जास्त: नायिकेची विशिष्ट केशरचना, एखाद्याचा फ्रेंच उच्चार, दिग्दर्शकाचा शिक्का. आजच्या काही स्ट्रीमिंग सेवांवर एकाच चित्रपटासाठी प्रत्येक सदस्याला त्याच्या पाहण्याच्या इतिहासानुसार वेगळे चित्र दाखवले जाते. प्रणयपट पाहणाऱ्याला त्यातले जोडपे दिसते, विनोदपट पाहणाऱ्याला विनोदी नट दिसतो. चित्रपट तोच, पण तो खास माझ्यासाठी आहे ही भावना स्वतंत्रपणे तयार करून दिलेली असते. पर्याय इतके वाढले की आता साचेबंदपणा उरला नाही, असे जे म्हटले जाते ते मला या कारणाने घाईचे वाटते. फक्त पर्याय मोजून भागत नाही, सांगाडे किती आहेत ते पाहावे लागते.

आता मी ज्या मर्यादेचा उल्लेख केला होता तिच्याकडे वळतो. बांधणीवरून परिणामाचा अंदाज करता येतो, पण परिणाम सिद्ध होत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘ऑल इन द फॅमिली’ ही १९७१ मध्ये सीबीएसवर सुरू झालेली मालिका आहे. तिचा निर्माता नॉर्मन लियरने आर्ची बंकर हा वंशद्वेषी, हेकट गृहस्थ मध्यवर्ती ठेवला तो त्याच्या पूर्वग्रहांचे हसे व्हावे म्हणून. हशा खऱ्या प्रेक्षकांचा होता. वरवर पाहता ही मालिका संस्कृती उद्योगाच्या युक्तिवादाला उत्तर ठरावी, कारण ती विचार करायला लावणारी, वाद उभे करणारी होती. १९७४ मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वग्रह कमी असलेले आणि जास्त असलेले, दोन्ही प्रकारचे प्रेक्षक मालिकेला हसत होते. पण ज्यांचे पूर्वग्रह पक्के होते त्यांना आर्ची आपला माणूस वाटत होता आणि शेवटी वादात तोच जिंकतो, असे त्यांना दिसत होते. म्हणजे हशा एकच, पण त्याचा अर्थ दोघांनी उलट लावला.

हा निष्कर्ष दोन्ही बाजूंना अडचणीत टाकतो, म्हणून मी तो नेहमी सांगतो. उद्योग प्रेक्षकाच्या मनात हवे ते ओततो, ही समजूत त्याने मोडते, कारण प्रेक्षक आपल्याजवळच्या सामग्रीने अर्थ घडवतात हे उघड दिसते. पण प्रेक्षक स्वतंत्रपणे अर्थ लावतो म्हणजे तो चिकित्सकपणे विचार करतो, ही समजूतही त्याने तितकीच मोडते. आर्चीच्या चाहत्याने स्वतःचा अर्थ लावला आणि आपल्या पूर्वग्रहाला हातही लागू दिला नाही. अर्थ लावणे आणि आपल्या अर्थाची तपासणी करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. प्रेक्षकाच्या सक्रियतेचा दाखला देऊन अडोर्नोला निकालात काढणारे अभ्यासक हा फरक सहज ओलांडून जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिटकाऱ्याबद्दल तुम्ही विचारले आहे, तर काही ठिकाणी तो आहे. जॅझबद्दल अडोर्नोने जे लिहिले त्यात ऐकण्यापेक्षा नापसंती जास्त आहे आणि ते मी कोणाला युक्तिवादाचा आधार म्हणून वाचायला सांगणार नाही. पण शेवटच्या वर्षी त्याने स्वतःच्या दाव्याला मुरड घातली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत फार क्वचित येते. १९६६ मध्ये हॉलंडची राजकन्या बेआट्रिक्स आणि जर्मन राजनयिक क्लाउस फॉन आम्सबर्ग यांचा विवाह झाला तेव्हा जर्मन प्रसारमाध्यमांनी त्याचा प्रचंड गाजावाजा केला. अडोर्नोच्या फ्रँकफर्टमधल्या समाजसंशोधन संस्थेने प्रेक्षकांवर त्याचा काय परिणाम झाला ते तपासले. संशोधकांची अपेक्षा होती की लोक या व्यक्तिगत सोहळ्याला अवास्तव महत्त्व देतील. लोकांनी तो आवडीने पाहिला होता, यात शंका नव्हती. पण या घटनेचे राजकीय महत्त्व किती, असे थेट विचारल्यावर त्यांच्यातल्या पुष्कळांनी अगदी वास्तववादी आणि चिकित्सक उत्तरे दिली. १९६९ मधल्या, मृत्यूच्या काही महिने आधीच्या भाषणात अडोर्नोने यावरून म्हटले की लोक हा माल घेतात खरे, पण एक राखीव अंतर ठेवून घेतात. त्यांची जाणीव पूर्णपणे ताब्यात गेलेली नाही, असे त्याने मान्य केले.

तरीही १९४४ च्या प्रकरणाच्या अगदी शेवटी जे आले होते ते याने रद्द होत नाही. जाहिरातीचा विजय तिथे असा वर्णिला आहे की ग्राहकाला वस्तूतला फोलपणा कळतो आणि तरीही तो ती घेतो. म्हणजे कळणे आणि त्यानुसार वागणे यांत फट असते हे दोघांना तेव्हाही ठाऊक होते. १९६६ च्या अभ्यासाने दाखवले ते इतके की ती फट प्रश्न विचारल्यावर उघडी पडते. विवाह पाहताना कोणी तो प्रश्न लोकांना विचारला नव्हता, आणि कार्यक्रमाच्या बांधणीत तो विचारण्याला जागाही नव्हती. संशोधकाने येऊन विचारले तेव्हा उत्तर तयार होते.

म्हणून एखाद्या चित्रपटावर किंवा मालिकेवर तुम्हाला हा युक्तिवाद लावून पाहायचा असेल, तर तिचा दर्जा ठरवून सुरुवात करू नका. एकच दृश्य घ्या, दोनतीन मिनिटांचे, आणि ते तीनदा पाहा. एकदा आहे तसे, एकदा पूर्ण आवाज बंद करून, आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकत. आवाज बंद केल्यावर जी भावना नाहीशी होते ती चित्राने निर्माण केलेली नव्हती, शब्दांनी, संगीताने किंवा हशाने ती पुरवली होती. नुसते ऐकताना सगळा प्रसंग तंतोतंत कळत असेल, तर चित्राने शब्दांत भर घातलेली नाही. मग त्या दृश्यातला एक क्षण निवडा, जिथे पात्राबद्दल मत बनते, आणि ते मत कशामुळे बनले ते लिहून काढा. पुरावा दृश्यात आहे की खुणेत आहे, हे लिहिताना लगेच कळते. खुणा कोणत्याही चित्रपटात असतात आणि असायलाच हव्यात. प्रश्न इतकाच असतो की खूण काढून घेतल्यावर मागे विचार करण्याजोगे काही उरते का. ‘मॅश’मधल्या त्या तंबूत बरेच काही उरते. पोमोनानंतर जोडलेल्या रुग्णालयाच्या मार्गिकेतून संगीत काढले, तर तिथे चालणारी दोन माणसे आणि एक न पटणारे हसू एवढेच उरते.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. या पद्धतीने तुम्हाला बांधणी कळेल, ती पाहणाऱ्या माणसाबद्दल काही कळणार नाही. त्यासाठी त्या माणसालाच विचारावे लागेल, आणि आवडले का हा प्रश्न त्याला कमी पडेल. काय घडले, कोणाचे बरोबर होते, तुम्हाला ते कशावरून वाटले, असे विचारावे. विडमार आणि रोकीच यांना आर्चीचे चाहते सापडले ते मालिका विनोदी वाटली का एवढ्यावर न थांबता, वादात कोण जिंकतो असे विचारल्यामुळे.